ढोल-ताशाच्या गाण्यावर कट: सुरुवात जुळते, शेवट जुळतो, मधलंच बिघडतं

निमूट

मिरवणुकीचे तुकडे जोडून चाळीस सेकंदांचा व्हिडिओ करतोय. खाली गणपतीचं गाणं आहे, आमच्याच पथकाने वाजवलेलं, नीट माइक लावून रेकॉर्ड केलेलं. ठोके मोजणाऱ्या ॲपने मिनिटाला १२० सांगितले. टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची. म्हणजे एक ठोका अर्धा सेकंद, चार ठोके दोन सेकंद, बरोबर ५० फ्रेम. हिशेब इतका सुटसुटीत निघाला म्हणून खूश झालो आणि वीस क्लिपा प्रत्येकी ५० फ्रेमच्या कापून रांगेत लावून टाकल्या.

पहिला-दुसरा कट थापेवर पडतो. मग चित्र थापेच्या आधीच बदलायला लागतं. मधोमध तर इतकं आधी की पाहणाऱ्याला वाटावं, दोन वेगळी गाणी चालू आहेत. पण खरी गंमत पुढे आहे. शेवटाकडे ते परत जुळत येतं आणि अगदी शेवटच्या थापेला व्हिडिओही तिथेच संपतो. एकदा चुकलेलं आपोआप बरोबर कसं होतं? दोन रात्री यात गेल्या.

रिकामटेकडा

फोनचं शूटिंग ३० फ्रेमचं असणार आणि तुझी टाइमलाइन २५ची. म्हणून घसरतंय. टाइमलाइन ३०ची कर, विषय संपला. आणि ब्लूटूथ हेडफोन वापरत असशील तर तोही काढ, त्याने आवाज उशिरा येतो.

खडूस संकलक

विषय इतक्यात संपत नाही. शूटिंग ३०चं आणि टाइमलाइन २५ची असेल तर क्लिपच्या *आतली* हालचाल थोडी अडखळते. पण कट कुठे पडतो ते टाइमलाइन ठरवते. ५० फ्रेमची क्लिप २५च्या टाइमलाइनवर दोनच सेकंद घेणार, आत काहीही असो. ब्लूटूथचं म्हणाल, तर त्याची चूक सगळीकडे सारखी असते. सुरुवातीला पाच फ्रेम असेल तर शेवटीही पाच.

निमूट, एक काम करा. दहा, वीस, तीस आणि चाळीस सेकंदांपाशी जा. प्रत्येक ठिकाणी कट आणि थाप यांत किती फ्रेमचं अंतर आहे ते मोजून लिहा. कट आधी की थाप आधी, तेही लिहा. कानाने ठरवू नका, ध्वनीच्या आलेखावर थापेचं टोक बघून मोजा.

निमूट

मोजलं. चारही ठिकाणी कट आधी, थाप नंतर.

१० सेकंद: ६ फ्रेम
२० सेकंद: ८ फ्रेम
३० सेकंद: परत ६
४० सेकंद: शून्य

हौशी गवळण

एवढा खटाटोप कशाला? माझ्या फोनवरच्या ॲपमध्ये बटण दाबलं की ते स्वतःच ठोक्यांवर ठिपके टाकतं. मी वाढदिवसाचे व्हिडिओ तसेच करते, कधी चुकलं नाही.

खडूस संकलक

निमूट, तुमच्या या चार आकड्यांतच उत्तर आहे. चूक सगळीकडे सारखी असती तर उशीर यंत्राचा. चूक सरळ वाढत गेली असती, दहाला दोन, वीसला चार, तीसला सहा, तर ठोक्यांचा आकडाच चुकलेला, किंवा अर्ध्या फ्रेमा गोळा होत गेलेल्या. तुमची चूक वाढते, मधोमध टोक गाठते आणि उतरते. म्हणजे सुरुवातीला गाणं तुमच्या १२०पेक्षा हळू आहे आणि शेवटाकडे जलद. ॲपने सांगितलं ते खोटं नाही, पण ती सरासरी आहे. माणसांनी वाजवलेल्या ढोलाची लय चढत जाते, आणि ती चढावी म्हणूनच तर वाजवतात.

खात्री करून घ्या. सुरुवातीचे दहा ठोके किती सेकंदांत होतात, मधले दहा किती, शेवटचे दहा किती?

(गवळणबाई, वाढदिवसाच्या गाण्यांत बहुधा यंत्राचा ठेका असतो, तो घड्याळासारखा चालतो. तिथे तुमचं बटण बरोबरच चालणार.)

निमूट

सुरुवातीचे दहा ४.६४ सेकंदांत. म्हणजे मिनिटाला १२९! हळू कुठे, हे तर जलद निघालं. आता डोकंच चालेना.

चिपळी

मला व्हिडिओचं काही कळत नाही, भजनी मंडळात तबला वाजवते, म्हणून विचारते. दहा *थापा* मोजल्यास की दहा *मात्रा*? पहिल्या थापेपासून दहाव्या थापेपर्यंत मात्रा नऊच होतात. आमच्याकडे नवीन मुलं हमखास इथे चुकतात. दहा मात्रा हव्या असतील तर अकराव्या थापेवर घड्याळ थांबव.

निमूट

चिपळीताई, कान पकडले. परत मोजलं. सुरुवातीला ५.१५ सेकंद, मधे बरोबर ५, शेवटी ४.८६.

खडूस संकलक

आता बसलं. दहा मात्रांना ५.१५ सेकंद म्हणजे मिनिटाला साधारण ११६ ते ११७. शेवटी ४.८६ म्हणजे १२३-१२४. मधे १२०. तुमचं पथक चाळीस सेकंदांत ११६पासून १२४पर्यंत अगदी सरळ चढत गेलंय. कौतुक करायला हवं, एवढं एकसारखं चढवणं सोपं नाही.

तुमचे आकडे यातून निघतात का ते बघा. चार-चार मात्रांनी कट, म्हणजे पाचव्या कटाला २० मात्रा झालेल्या असतात. तुमच्या हिशेबाने ती जागा १० सेकंद. लय ११६पासून चढती धरली तर विसावी मात्रा खरी १०.२५ सेकंदांना संपते. पाव सेकंदाचा फरक, २५च्या टाइमलाइनवर सहा फ्रेम. चाळिसावी मात्रा २० ऐवजी २०.३३ला, म्हणजे आठ फ्रेम. साठावी ३० ऐवजी ३०.२५ला, परत सहा. ऐंशीवी मात्र बरोबर ४०ला. तुम्ही मोजलेलंच आलं.

म्हणून एकसारख्या लांबीच्या क्लिपा या गाण्यावर कधीच जुळणार नाहीत, आकडा कितीही नेमका घेतला तरी. सुरुवातीला चार मात्रांना जवळपास ५२ फ्रेम लागतात, शेवटी ४८. क्लिपची लांबी हिशेबाने काढायची नाही, थापेवर खूण करायची आणि क्लिप त्या खुणेपर्यंत ताणायची. वीसच कट आहेत, म्हणजे वीस खुणा. दहा मिनिटांचं काम आहे.

रिकामटेकडा

मग गाणंच ताणून १२०वर एकसारखं करून टाका ना. ती सोय असते. क्लिपा परत कापायला नकोत.

खडूस संकलक

करता येतं. पण मग शेवटची चढण गेली, आणि ताणलेल्या ताशाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. मी करणार नाही, ज्याला करायचं त्याने करावं.

निमूट

खुणा करायला बसलो आणि वेगळाच घोळ झाला. मघाशी मोजलेल्या चार जागी ती कशीबशी सापडली होती, पण बाकी आलेखात थाप दिसतच नाही. गाणं रेकॉर्ड करून देणाऱ्याने आवाज इतका दाबून चढवलाय की सगळा आलेख एक जाड विटेसारखा दिसतो. ताशा अखंड तडतडतोय, ढोल त्यात बुडालाय. गवळणताईंचं बटणही दाबून पाहिलं, त्याने मिनिटाला २४० ठिपके टाकले.

खडूस संकलक

२४० म्हणजे त्याने ताशाच्या काड्या मोजल्या. दुप्पट किंवा निम्मा आकडा आला की समजायचं, यंत्राने चुकीचं वाद्य पकडलंय.

ढोल दिसण्यासाठी असं करा. गाण्याची एक प्रत काढा आणि ऑडॅसिटीत किंवा संकलनाच्याच सॉफ्टवेअरमध्ये तिच्यावर लो-पास फिल्टर लावा. १५० हर्ट्झच्या वरचं सगळं काढून टाका. ताशा आणि झांजा वर राहतात, त्या नाहीशा होतील आणि ढोलाची धम्म तेवढी उरेल. विटेच्या जागी सुटे-सुटे फुगवटे दिसतील. ही प्रत मूळ गाण्याखाली त्याच जागी लावा, आवाज बंद ठेवा. ती ऐकायची नाही, नुसती बघायची.

एकच काळजी घ्या. फुगवट्याच्या सगळ्यात जाड जागी खूण करू नका. खालच्या आवाजाचा फुगवटा हळूहळू भरतो, त्याचं टोक टिपरू पडल्याच्या नंतर येतं. फुगवटा जिथे *सुरू* होतो तिथे खूण. शंका आली तर मूळ गाण्यावर त्याच जागी एक-एक फ्रेम सरका आणि ऐका.

चिपळी

पण प्रत्येक मात्रेला धम्म असेलच असं नाही हं. ठेक्यात कालाची जागा असते. केरव्याच्या आठ मात्रांत पाचवीला काल, तिथे डग्ग्याचा घुमारा नसतो. ढोलाच्या ठेक्यातही अशा मोकळ्या जागा ठेवतात. तुझ्या त्या प्रतीत तिथे काहीच दिसणार नाही आणि तुला वाटेल मात्रा चुकली.

आणि आता माझंच गाऱ्हाणं सांगते, विषय निघालाच आहे तर. आमच्या भजनाचा व्हिडिओ भाच्याने केला. मुखड्याचा पहिला शब्द आला की चित्र बदलतं, असं सगळीकडे. बघताना सारखं अडखळल्यासारखं वाटायचं, पण का ते सांगता येईना. मग लक्षात आलं की आमचा मुखडा समेवर सुरूच होत नाही. तो पाचव्या मात्रेला उठतो आणि समेवर *येतो*. भाचा उठाणावर कापत होता. सम आली तेव्हा चित्र जुनं झालेलं, आणि नेमकी तिथेच मान हलते.

हौशी गवळण

अय्या, म्हणजे शब्दावर कट नाही करायचा? मी तर सगळे शब्दावरच करते.

खडूस संकलक

चिपळीताईंचं म्हणणं इथल्या निम्म्या संकलकांना माहीत नसेल. शब्द समेवरच पडत असेल तर शब्दावर कापा, हरकत नाही. आधी उठत असेल तर समेपर्यंत थांबा. उठाणाच्या चार मात्रा जुन्याच चित्रावर गेल्या की बघणाऱ्याला वाट पाहायला लागते, आणि समेवर नवीन चित्र आलं की ती वाट पाहणं फळाला येतं.

निमूट, मोकळ्या जागेचंही ताईंनी बरोबर सांगितलं. तुमच्या चार-चारच्या कटांतला एखादा कालावर पडत असेल तर त्याची खूण आलेखात शोधू नका. आधीची आणि नंतरची थाप घ्या आणि बरोबर मध्य काढा. एवढ्याशा अंतरात लय किती चढणार, अर्ध्या फ्रेमचाही फरक पडत नाही. आणि असा कट कालावर ठेवायचाच का, याचाही विचार करा. मी तिथे मोठा बदल करत नाही. गर्दीतून गर्दीत गेलो तर चालतं, पण मूर्तीचा पहिला दर्शनाचा शॉट कालावर फुकट जातो.

निमूट

अहवाल. मोकळ्या जागेवर दोन कट पडत होते, ते काढून टाकले. बाकी खुणा मात्र बघत-बघत नाही केल्या, गाणं चालू ठेवून थापेवर `M` दाबत गेलो, पटकन होईल म्हणून. मग प्रतीशी ताडून बघितलं. प्रत्येक खूण थापेच्या पाच फ्रेम *नंतर*. पहिलीही पाच, शेवटचीही पाच, अधेमधे एखाद्या फ्रेमचा फरक.

आणि हो, हेडफोन ब्लूटूथचेच आहेत.

रिकामटेकडा

मी काय म्हणालो होतो!!

खडूस संकलक

मानलं. तुमचं उत्तर बरोबर होतं, प्रश्न तेवढा दोन दिवसांनी आला. 🙂

पाच फ्रेम म्हणजे ०.२ सेकंद, ब्लूटूथला एवढा उशीर अगदी नेहमीचा. सगळीकडे सारखा आहे म्हणून दुरुस्ती सोपी. चित्राच्या सगळ्या क्लिपा एकदम निवडा आणि पाच फ्रेम आधी सरकवा. नंतर वायरच्या हेडफोनवर तपासा. अधेमधे जो एका फ्रेमचा फरक राहील तो हाताने दुरुस्त करा, पण फक्त मोठ्या कटांना. गर्दीच्या शॉटला एक फ्रेम कुणाला दिसत नाही.

निमूट

अडचण. मी क्लिपा फोनवरच ५०-५० फ्रेमच्या कापून सेव्ह केल्या होत्या. सुरुवातीच्यांना आता ५२ लागतात. दोन फ्रेम आणू कुठून? शेवटच्यांचं ठीक आहे, त्या छाटता येतात.

खडूस संकलक

मूळ शूटिंग असेल तर तेच परत आणा, दुसरा विचार करू नका. संकलनात घ्यायच्या क्लिपेला दोन्ही बाजूंनी निदान सेकंदभर शेपूट हवंच. मूळ पुसलं असेल तर क्लिप ९६ टक्के वेगाने चालवा, ५०च्या ५२ होतात. चालणारी माणसं, हलता ध्वज, यांत ते लपतं. टिपरू पडतानाचा शॉट मात्र असा ताणू नका. सॉफ्टवेअर मधलीच फ्रेम दोनदा दाखवतं, आणि टिपरू हवेत क्षणभर थबकलेलं दिसतं.

निमूट

मूळ सापडलं, दुसऱ्या फोनमध्ये होतं. सगळे कट आता थापेवर आहेत, एक-एक फ्रेम तपासलंय. तरी एक शॉट खटकतोय. गुलाल उधळतानाचा. कट बरोबर थापेवर, तरीही तिथेच चुकल्यासारखं वाटतं. आईला दाखवलं तर तीही म्हणाली, इथे काहीतरी होतंय.

खडूस संकलक

क्लिप सुरू झाल्यापासून कितव्या फ्रेमला मूठ उघडते?

निमूट

नवव्या.

खडूस संकलक

तिथेच मेख आहे. कट थापेवर आहे खरा, पण त्या शॉटमध्ये डोळा कट बघत नाही, मूठ बघतो. ती मूठ कटानंतर नऊ फ्रेमांनी उघडते, आणि तुमच्या गाण्यात दोन थापांमधलं अंतर साधारण साडेबारा फ्रेम. म्हणजे गुलालाचा स्फोट दोन थापांच्या मधे, कुठेच नाही अशा जागी होतो. कानाने एक ठोका ऐकला, डोळ्याने दुसराच पाहिला.

कटाला हात लावू नका. क्लिपच्या आतलं चित्र सरकवा. प्रीमियरमध्ये `Y` दाबून स्लिपचं अवजार घ्या, रिझॉल्वमध्ये `T` दाबून ट्रिममध्ये जा आणि क्लिपच्या वरच्या अर्ध्या भागावर पकडून ओढा. दोन्ही टोकं जागच्या जागी राहतात, फक्त आतलं शूटिंग पुढेमागे होतं. साडेतीन फ्रेम हव्यात, तीन करून बघा, मग चार. क्लिप मूळ शूटिंगमधल्या थोड्या आधीच्या क्षणापासून सुरू झाली की मूठ बाराव्या-तेराव्या फ्रेमला उघडेल. पहिल्या थापेला चित्र बदललं, हात वर जाताना दिसला, दुसऱ्या थापेला गुलाल.

दुसरा रस्ता म्हणजे मूठ पहिल्याच थापेवर आणायची आणि कट पाच-सहा फ्रेम आधी घ्यायचा, हात उचललेला तेवढा दिसावा म्हणून. पण मग त्या कटाआधीचा शॉट तितका आखडतो. मला पहिला रस्ता आवडतो, त्यात थाप दोनदा वापरली जाते.

चिपळी

हे अगदी टाळीसारखं झालं. हात कधी उचलला त्याला किंमत नाही, तळवे कधी भिडले ते मोजायचं.

निमूट

तीन फ्रेम सरकवलं. आईने काही न सांगता मान डोलावली. 😀 झांजांचा एक शॉट आहे, तिथेही तेच केलं, झांजा भिडतात ती फ्रेम थापेवर आणली.

पण ढोल वाजवणाऱ्याचा जवळचा शॉट अजून जमत नाही. एक टिपरू थापेवर आणलं तर पुढचं सुटतं. तो शॉट मिरवणुकीतला आहे, गाणं वेगळ्या दिवशी वाजवलेलं.

खडूस संकलक

त्या दिवशी ते मिनिटाला किती ठोक्यांनी वाजवत होते, ते शॉटच्या स्वतःच्या आवाजावरून मोजा. समजा ११० निघाले आणि गाणं तिथे १२० आहे, तर क्लिप १०९ टक्के वेगाने चालवा. पहिलं टिपरू पहिल्या थापेवर बसवा, पुढची तीन-चार आपोआप बसतील. दोन सेकंदांच्या शॉटला पुरतं, त्याहून लांब ठेवू नका. ठेकाच वेगळा असेल तर मात्र वेग बदलून काही होणार नाही. तो शॉट खांद्याच्या वरचा घ्या, टिपरू दिसणारच नाही असा.

रिकामटेकडा

एक राहिलं. आमच्याकडचे एक जुने संकलक म्हणायचे, कट थापेवर नाही, थापेच्या दोन फ्रेम *आधी* हवा. डोळ्याला नवीन चित्र समजायला वेळ लागतो म्हणून.

खडूस संकलक

मी एक फ्रेम आधी ठेवतो, दोन नाही. आणि तेही अंधारातून उजेडात जाताना ठेवत नाही, तिथे उजेडच थापेसारखा लागतो, तो बरोबर थापेवर हवा.

चिपळी

एक फ्रेम म्हणजे किती?

खडूस संकलक

इथे सेकंदाचा पंचविसावा भाग. ०.०४.

चिपळी

मग दोन फ्रेम आधी म्हणजे माझ्या कानाला सम निसटल्यासारखीच. मला नाही पटत.

रिकामटेकडा

ताई, तुम्ही डोळे मिटून बघताय. निमूट, दोन्ही प्रकारे करून टाक इथे, न सांगता. कुठला कुठला ते लोक ओळखतात का बघू.

निमूट

रविवारी टाकतो. तीन करतो, शून्य, एक आणि दोन फ्रेमवाला. गुलालाचा शॉट तिघांत तसाच ठेवतो, तो आता मी हलवणार नाही.

हौशी गवळण

मी माझ्या भाचीच्या वाढदिवसाचा जुना व्हिडिओ परत बघितला. केक कापताना सुरी थापेच्या आधीच खाली जाते. आता ते दिसल्यावर दिसतच राहतंय, काय करू?